‘टर्बो लॅग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : ‘टर्बो लॅग’ला ‘टर्बोची दिरंगाई’ म्हटले तर चालेल का? आणि ट्विन-स्क्रोल म्हणजे दोन टर्बो का?

‘दिरंगाई’त करणाऱ्याची हयगय डोकावते, म्हणून मी ‘टर्बो-विलंब’ लिहीन. आमच्या नागपुरातले मिस्त्री ‘गाडी उचलत नाही’ एवढेच म्हणतात, पण त्या एका वाक्यात दोन निराळ्या तक्रारी दडलेल्या असतात.

वर्धा रोडवर माझी डिझेल गाडी चौथ्या गिअरमध्ये 1,200 आरपीएमवर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तरी 1,700 च्या आसपास पोचेपर्यंत ती जोर धरत नाही. टर्बो इंजिनाच्याच धुराने टर्बाइन फिरवतो आणि त्या जोरावर कॉम्प्रेसरने इंजिनात जादा हवा कोंबतो; तोवर इंजिनातून टर्बाइन पुरेसे फिरवण्याइतका धूरच निघत नसतो. हा विलंब नव्हे, हा टर्बोचा उंबरठा. तीच गाडी 2,500 वर असताना पाय काढून पुन्हा दाबला की क्षणभर काहीच घडत नाही आणि मग एकदम ओढ लागते. तो क्षण म्हणजे खरा लॅग : धूर वाढलेला असतो, पण टर्बाइनचे चाक आणि त्याच दांड्यावरचे कॉम्प्रेसरचे चाक यांचे जडत्व मोडून त्यांना लाखभर आरपीएमपर्यंत नेण्यास वेळ लागतो.

ट्विन-स्क्रोलमध्ये टर्बो एकच असतो. ‘स्क्रोल’ म्हणजे टर्बाइनभोवतीची शंखासारखी वळणदार वाट, आणि येथे ती मधल्या भिंतीने दुभागलेली असते; म्हणून मला ‘दुपदरी’ हा शब्द नेमका वाटतो. चार सिलिंडरांच्या इंजिनात ज्वलनाचा क्रम बहुधा 1-3-4-2 असतो. पहिल्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटण्याआधीच तिसऱ्याचा उघडतो, आणि वाट एकच असेल तर तिसऱ्याच्या धुराचा जोरदार लोट टर्बाइनकडे जाण्याऐवजी काही अंशी पहिल्यात उलटा घुसतो. 1 व 4 एका पदरात आणि 2 व 3 दुसऱ्यात सोडले, की एकाच पदरातल्या दोन लोटांत क्रँकच्या 360 अंशांचे अंतर पडते, एक दुसऱ्याला अडवत नाही आणि प्रत्येक लोटाचा धक्का चाकापर्यंत शाबूत पोचतो.

विलंब घटवण्याचा दुसरा उपाय म्हणजे व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो. त्याचे ‘परिवर्ती भूमिती’ हे भाषांतर शब्दाला धरून आहे, पण त्यातून वस्तू दिसत नाही. चाकाभोवती वळणाऱ्या पात्यांचे कडे असते. धूर कमी असताना पाती मिटत येतात, फट अरुंद होते आणि धूर वेगाने व योग्य कोनात चाकावर आदळतो. धूर वाढला की ती उघडतात. नळीचे तोंड बोटाने दाबल्यावर पाणी जसे लांब उडते, तसेच हे. म्हणून ‘फिरत्या पात्यांचा टर्बो’ म्हणावे. याने उंबरठाही खाली येतो आणि विलंबही घटतो.

ही रचना मुख्यतः डिझेल गाड्यांत दिसते, कारण पेट्रोलचा धूर बराच अधिक तापलेला असतो आणि त्या उष्णतेत टिकणारी पाती महाग पडतात. डिझेलमध्ये त्रास काजळीचा. सतत शहरात हळू चाललेल्या गाडीत पाती काजळीने उघडी अडकली, तर जुना विलंब परत येतो. मिटलेली अडकली, तर खालच्या वेगात गाडी छान उचलते, पण हायवेवर टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब मर्यादेबाहेर जाऊन इंजिन स्वतःच ताकद कमी करते. मिस्त्रीला तक्रार सांगताना गाडी कोणत्या वेगात उचलत नाही, हे जरूर सांगावे.