‘दो बूंद जिंदगी की’ कोणत्या मार्गाने पटते?

प्रश्न: पोलिओची अमिताभ बच्चनवाली जाहिरात ईएलएम म्हणजे एलाबोरेशन लाइकलीहूड मॉडेलनुसार सेंट्रल रूटची की पेरिफेरल?

उत्तर: मुख्यतः पेरिफेरल. पेटी आणि कॅसिओपो यांच्या या मॉडेलमध्ये युक्तिवाद तोलून पटणं म्हणजे सेंट्रल रूट, चेहरा-आवाज अशा वरवरच्या खुणांवरून पटणं म्हणजे पेरिफेरल. मार्ग ठरतो तो प्रेक्षकाला विचार करायची इच्छा आणि कुवत किती आहे यावर. ज्या पालकांचा डोसाला विरोध नव्हता, त्यांना ओळखीचा आवाज, दटावणीचा सूर आणि रविवारची तारीख एवढं पुरेसं होतं. मात्र असा बदल वरवरचा असतो, लवकर विरतो. प्रत्येक फेरीआधी जाहिरात पुन्हा लागायची, त्याने ही उणीव आपोआप भरून निघायची. ‘डोसाने वंध्यत्व येतं’ ही अफवा मनात असलेला बाप मात्र आधीच खोलात शिरलेला असतो. त्याला स्टार नको, उत्तर हवं: डोसात काय आहे, मागे दिला तरी पुन्हा का. ते काम घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्यांचं, म्हणजे सेंट्रल रूटचं.

एक अट: बच्चन म्हणजे पेरिफेरल असं समीकरण परीक्षेत लिहू नका. तोच चेहरा एखाद्याला लक्ष देऊन ऐकायलाही लावतो. मार्ग तपासायचा तर एका गटाला भक्कम आणि दुसऱ्याला लंगडा युक्तिवाद दाखवा. मतात फरक पडला तर सेंट्रल, दोन्हीकडे सारखंच पटलं तर पेरिफेरल.