रिपीट ऑर्डर आणि ८०% लर्निंग कर्व्ह
प्रश्न: भोसरीत पॅनल वायरिंगचं वर्कशॉप आहे. पहिल्या १० पॅनलला २०० तास लागले, आता तेवढीच रिपीट ऑर्डर आलीय, ८०% कर्व्हने पॅनलमागे १६ तास धरू का?

नाही, १६ हा सगळ्या २० पॅनलचा सरासरी वेळ झाला, नव्या १० चा नाही. ८०% कर्व्ह म्हणजे एकूण माल डबल झाला की पॅनलमागची सरासरी आधीच्या ८०% वर येते, इथे २० ची १६ होते, म्हणजे एकूण ३२० तास, त्यातले २०० आधीच झालेत, उरले १२०, म्हणजे पॅनलमागे १२च. तासाला ३०० धरले तर लेबर ३६,००० येतं, तुमच्या हिशोबाने ४८,००० झालं असतं आणि ऑर्डर हातची गेली असती बघा. पण वायरमन तेच हवेत, मधे सहा महिने गेले किंवा पोरं बदलली तर १२ धरू नका, आणि मशीनवरचा वेळ यात घेऊच नका, तो शिकून कमी होत नाही.