सरांचं चॅट आणि एजन्सीची मेल

“आमचे मार्केटिंग हेड डिझाइनचे मसुदे बघून चॅटवर दोन-दोन शब्दांत फटकारतात. ‘हे काय आहे’, ‘जीव नाही’, ‘पुन्हा करा’. हे बाहेरच्या एजन्सीला नीट शब्दांत कळवायचं काम माझं. सौम्य लिहिलं की बदल होत नाहीत आणि सर माझ्यावर चिडतात. जसंच्या तसं पाठवलं की एजन्सीतली माणसं दुखावतात. मी दोघांच्या मध्ये चिरडली जातेय. काय करू?”

समुपदेशनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं एका जाहिरात संस्थेत होते. अशा मेल तेव्हा माझ्याकडे यायच्या, त्यामुळे त्या टोकाला बसून काय वाटतं ते मला माहीत आहे. पुढे या टोकाच्या मुलीही माझ्याकडे येऊ लागल्या. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, कामाचा भाग मात्र जसाच्या तसा आहे.

भाषा शिकवणाऱ्या एका अ‍ॅपची मोहीम होती, पहिला महिना मोफत. एजन्सीने दोन पर्याय पाठवले होते, प्रत्येकात एक पोस्ट आणि एक स्टोरी. रात्री साडेदहाला सरांचे चॅट आले. ती मोबाइल घेऊनच माझ्याकडे आली आणि वाचून दाखवताना तिचा आवाज कापत होता.

“हे काय आहे? औषधाच्या डबीतला कागद वाटतोय.”
“लोगो कुठे गेला?”
“हिरवा नको.”
“दुसरं बरं आहे, पण जीव नाही त्यात.”
“ब्रीफ वाचतात का हे लोक?”
“उद्यापर्यंत नवीन पाठवायला सांग.”

तोवर तिने दोन्ही वाटा चालून पाहिल्या होत्या. आधीच्या एका कामात तिने चॅटचा स्क्रीनशॉटच पुढे पाठवला. एजन्सीने घाबरून सगळं फेकलं आणि तीन नवे मसुदे आणले. आधीच्या मसुद्यात सरांना आवडलेली मांडणीही त्यात गेली. दुसऱ्या वेळी तिने लिहिलं, “डिझाइन छान झाली आहेत, लोगो आणि रंगाचा थोडा विचार करता आला तर बरं होईल.” एजन्सीने थोडा विचार केला, लोगो किंचित मोठा केला आणि बाकी तसंच ठेवलं. ‘करता आला तर’ असं वाचल्यावर मीही तेवढंच केलं असतं.

ती म्हणाली, “मला भाषाच जमत नाही.” मला तसं वाटलं नाही. तिचं वाक्य सभ्य आणि स्वच्छ होतं, फक्त सरांना नेमकं काय दिसलं ते त्यात नव्हतं. स्क्रीनशॉटमध्येही ते नव्हतं. दोन्ही वेळा तिने सूर हाताळला होता आणि आशय दोन्हीकडे अर्धाच राहिला होता. म्हणून मी तिला सांगितलं की आज मेल लिहायची नाही, आधी सहा ओळींपैकी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा. हे वाचून डिझाइनरला नेमकी कोणती जागा उघडून बघता येईल?

पहिली ओळ तिला सगळ्यात जास्त लागली होती आणि सोडवायला तीच सगळ्यात सोपी निघाली. औषधाच्या डबीतला कागद म्हणजे बारीक, दाटीवाटीचा मजकूर. आम्ही पोस्ट उघडून मोजलं तेव्हा मथळ्याखाली पाच वेगळी वाक्यं निघाली, एकाच आकारात, आणि ‘मोफत’ हा शब्द चौथ्या वाक्याच्या मध्ये. उपमा टोचणारी होती, पण त्यामागचं निरीक्षण बरोबर होतं. उपमा काढायची आणि निरीक्षण ठेवायचं.

लोगोच्या ओळीवर ती लगेच म्हणाली, “लोगो मोठा करा असं लिहिते.” इथे मी तिला थांबवलं, कारण चॅटवरची तक्रार उपायात बदलली की चुका सुरू होतात. सर म्हणाले होते, कुठे गेला. लहान आहे असं ते म्हणाले नव्हते. सरांनी बघितली असणार तशी तिने स्टोरी मोबाइलवर पूर्ण पडद्यावर उघडली. लोगो अगदी खालच्या कडेला होता आणि इन्स्टाग्रामची खालची पट्टी त्याच्यावर येत होती. स्टोरीच्या जाहिरातीत वरचा सुमारे १४ टक्के आणि खालचा सुमारे २० टक्के भाग मोकळा ठेवावा, अशी मेटाची सूचना आहे. १०८० बाय १९२० च्या चौकटीत म्हणजे वर साधारण २७० आणि खाली ३८५ पिक्सेल. लोगो दुप्पट केला असता तरी तो दुप्पट आकाराने पट्टीखालीच राहिला असता.

पुढच्या दोन ओळी घरबसल्या उलगडणाऱ्या नव्हत्या. ‘हिरवा नको’ म्हणजे ही छटा नको, हिरवा रंगच नको, की या जागी नको? आणि ‘जीव नाही’ म्हणजे काहीही असू शकतं. सरांना विचारायला ती घाबरत होती. आधी एकदा तिने “सर, म्हणजे नेमकं काय?” असं विचारलं होतं आणि “तुला दिसत नाही का?” असं उत्तर मिळालं होतं. मला तो प्रश्नच अवघड वाटला. ज्याला शब्द सुचले नाहीत म्हणून तो ‘जीव नाही’ म्हणाला, त्याच्याकडे आपण पुन्हा शब्दच मागतो. बोट ठेवता येईल असं काहीतरी त्याच्यासमोर ठेवावं. आम्ही मिळून दोनच ओळी लिहिल्या:

“सर, हिरवा बटणावर खटकतो की मागच्या पार्श्वभूमीवर?”
“पहिल्या आणि दुसऱ्या पर्यायाचे फोटो शेजारी लावलेत. जिवंत कोणता वाटतो?”

दहा मिनिटांत उत्तर आलं. “बटण. बाहेर उन्हात बघितलं, अक्षरं दिसलीच नाहीत.” आणि, “पहिल्यातली मुलगी आपल्याकडे बघतेय. दुसऱ्यात सगळे पाठमोरे.” तिने ते दोनदा वाचलं. रात्रभर छळणारा शब्द पाठमोऱ्या माणसांपाशी येऊन थांबला होता.

बटणाचा रंग `#6CC04A` होता आणि त्यावर पांढरी अक्षरं. रंगफरक मोजणारी साधनं मोफत मिळतात, त्यात आकडा आला २.३:१ च्या आसपास. वेबसाठीच्या सुलभतेच्या नियमावलीत, `WCAG` च्या दुसऱ्या म्हणजे AA पातळीला, नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५:१ लागतं, मोठ्या अक्षरांसाठी ३:१. सरांच्या डोळ्यांनी उन्हात जे पकडलं तेच या आकड्याने सांगितलं. आकडा मिळाला की ती तक्रार कुणाच्या आवडीनिवडीची राहत नाही, आणि डिझाइनरलाही वाद घालावासा वाटत नाही. अर्थात प्रत्येक तक्रारीला आकडा नसतो. पाठमोऱ्या फोटोला नव्हता, आणि तिथे ओढूनताणून कारण जोडू नको असं मी तिला सांगितलं. ‘आमच्या मार्केटिंग प्रमुखांना समोर बघणारा चेहरा हवा आहे’ हे पुरेसं आणि खरं कारण आहे.

राहिली ‘ब्रीफ वाचतात का’. ही ओळ माणसांबद्दलची, म्हणून तिने ती लगेच खोडली. खोडायची होतीच, पण मी म्हटलं की आधी ब्रीफ उघडून बघू. ब्रीफमध्ये ‘मुख्य संदेश’ या शीर्षकाखाली पाच मुद्दे होते आणि कशाला अग्रक्रम ते लिहिलेलं नव्हतं. पोस्टवरची पाच सारख्या आकाराची वाक्यं तिथून आली होती. एजन्सीने ब्रीफ वाचलं होतं, अगदी शब्दशः. ती गप्प झाली, कारण ते ब्रीफ तिनेच लिहिलं होतं. तुमच्याकडेही अशी ओळ आली तर चिडण्याआधी किंवा खोडण्याआधी ब्रीफ उघडा. चूक त्यांची असेल तर ब्रीफमधलं वाक्य दाखवून सांगता येतं आणि आपली असेल तर ती आधी मान्य करावी लागते, नाहीतर पुढचा मसुदाही तसाच येतो.

मग मेल लिहायला बसलो. तिने लिहिलेली मेल ही अशी:

“दुसऱ्या पर्यायावर पुढे जाऊ. त्याची मांडणी आणि मथळा तसाच ठेवा.

मंजुरीसाठी हे चार बदल आवश्यक आहेत. पोस्टवर मथळ्याखाली एकच वाक्य ठेवा, ‘पहिला महिना मोफत’ हे सांगणारं. बाकीची चार काढा. ब्रीफमध्ये आम्ही पाच मुद्दे अग्रक्रम न लावता दिले होते, ती त्रुटी आमची. स्टोरीत लोगो खालच्या पट्टीखाली झाकला जातो. तो खालच्या ३८५ पिक्सेलच्या वर घ्या, आकार आहे तोच चालेल. बटणावरची पांढरी अक्षरं उन्हात वाचता येत नाहीत, रंगफरक सध्या सुमारे २.३:१ आहे, तो किमान ४.५:१ हवा, ब्रँडच्या रंगांतला कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवा. फोटोतली माणसं पाठमोरी आहेत. किमान एक चेहरा बघणाऱ्याकडे वळलेला हवा, पहिल्या पर्यायातल्यासारखा.

पार्श्वभूमीच्या हिरव्याबद्दल आमची हरकत नाही.”

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. ‘आवश्यक’ हा शब्द तिने लिहिला आणि त्याच्याभोवती कापूस गुंडाळला नाही. सरांच्या चॅटमधला कडकपणा माणसांवरून काढून कामावर ठेवला, त्यामुळे त्याचं वजन कमी झालं नाही. आणि ‘तसाच ठेवा’ हे कौतुकाचं वाक्य नाही. ते नसेल तर डिझाइनर चांगलं झालेलंही बदलून बसतो, आधीच्या कामात झालं तसं. खोटी स्तुती घालू नका. एजन्सीतल्या माणसांना ती पहिल्या ओळीतच ओळखू येते आणि मग खरं कौतुकही ते ऐकत नाहीत.

‘उद्यापर्यंत’चं काय? एजन्सीशी झालेल्या करारात सुधारणेच्या दोन फेऱ्या होत्या आणि नवा फोटो शोधायला वेळ लागणार होता. तिने सरांना विचारलं, “फोटोशिवाय उद्या, की फोटोसकट परवा?” ते परवा म्हणाले. ‘नवीन’ याचा अर्थ संपूर्ण नवी कल्पना असा असता तर ती सुधारणा धरली गेली नसती, बहुतेक एजन्स्या त्याचं वेगळं बिल लावतात. म्हणून ‘नवीन’ किंवा ‘पुन्हा करा’ असा शब्द आला की तो कोणत्या अर्थाने आला ते पाठवण्याआधीच विचारून घ्या.

पाठवण्याआधी तिने मेल सरांना दाखवली. हे पाऊल गाळू नका, तुमच्या चिरडण्याचं मूळ मला तिथेच दिसतं. आत्ता त्यांच्या शब्दांचा अर्थ तुम्ही एकट्याच लावता आणि एकट्याच भोगता. सरांनी एकच शब्द बदलला, ‘किमान एक’ऐवजी ‘एकच’. तिने लावलेला अर्थ तिथे थोडा चुकला होता, आणि तो एजन्सीकडे जाण्याआधी कळला.

एक मर्यादाही सांगते. सर जर डिझाइनरच्या अकलेवर, दिसण्यावर, बोलण्यावर घसरत असतील किंवा तुमच्यावर घसरत असतील, तर ते शब्द सभ्य करून देणं हे तुमचं काम नाही. ते तसेच जपून ठेवा, तारखेसकट, आणि त्याबद्दल मनुष्यबळ विभागाशी स्वतंत्रपणे बोला. वरच्या सहा ओळींत तसं काही नव्हतं. तिथे एक थकलेला माणूस खाजगी चॅटवर मोठ्याने विचार करत होता, आणि तो विचार जसाच्या तसा बाहेर जावा असं त्यालाही वाटत नव्हतं. पुढे तिने स्क्रीनशॉट पाठवणं बंद केलं याचं त्याला बरंच वाटलं असणार.

परवा संध्याकाळी नवा मसुदा आला. सरांनी चॅटवर लिहिलं, “ठीक. बटण जरा वर.” तिने पोस्ट उघडली, बटणाच्या वरच्या दोन जागांवर खुणा केल्या आणि चित्र त्यांना पाठवलं. “सर, पहिली की दुसरी?”