टपालाचा, निवासी आणि कायदेशीर पत्ता: कुठे कोणता लिहावा?

प्रश्न: ओळखपत्राच्या अर्जात टपालाचा, निवासी आणि कायदेशीर असे तीन पत्ते मागितले आहेत. यांत फरक काय आणि कोणता कधी लागतो?

उत्तर: टपालाचा पत्ता म्हणजे कागद तुमच्या हाती पडण्याचे ठिकाण; तो कार्यालयाचा किंवा नातेवाइकाचा असला तरी बहुधा चालतो. निवासी पत्ता म्हणजे तुम्ही सध्या प्रत्यक्ष राहता ती जागा, त्यामुळे तिथे टपालपेटीचा क्रमांक सहसा स्वीकारला जात नाही. कायदेशीर पत्ता मात्र सरकारी नोंदीत तुमच्या नावापुढे असलेला पत्ता होय, आणि त्याची व्याख्या देशागणिक थोडी बदलते, म्हणून अर्जासोबतच्या सूचना आधी वाचाव्यात.

समजा, एखादी व्यक्ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात भाड्याने राहते, तिची सरकारी नोंद अजून आईवडिलांच्या घरची आहे आणि दिवसा घरी कोणी नसल्याने ती आपले टपाल नोकरीच्या कार्यालयात मागवते. बँकेत खाते उघडताना तिने निवासी पत्त्यात भाड्याचे घर लिहून भाडेकरार किंवा अलीकडचे वीजबिल जोडावे, टपालासाठी कार्यालयाचा पत्ता द्यावा आणि नोंद बदलेपर्यंत कायदेशीर पत्ता आईवडिलांच्या घराचाच ठेवावा.

खरी अडचण पुढे येते. बँकेत टपालाचा पत्ता बदलल्याने सरकारी नोंद आपोआप बदलत नाही, आणि नोंदलेल्या पत्त्यावर रीतसर पाठवलेली नोटीस, ती तुम्ही वाचली नसली तरी, अनेक ठिकाणी बजावली गेली असेच मानले जाते. त्यामुळे मुक्काम कायमचा हलला की आधी कायदेशीर पत्त्याची नोंद बदलून घ्यावी.