बहिणीच्या आजाराची पोस्ट आणि ती शेअर करणारे हितचिंतक

प्रश्न : माझ्या २६ वर्षांच्या बहिणीला रक्ताचा कर्करोग झाला. प्लेटलेट्ससाठी दाते हवे होते, म्हणून मी घाईत फेसबुकवर आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचं नाव, फोटो आणि रिपोर्ट टाकला. ‘जास्तीत जास्त शेअर करा’ असंही लिहिलं. दाते मिळाले. पण बातमी तिच्या ऑफिसात पोचली आणि ती माझ्याशी बोलेनाशी झाली. मी पोस्ट काढली तरी लोकांकडच्या प्रती राहणारच. त्यांना नोटीस पाठवू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नोटीस आत्ता नको. या मंडळींनी तुमच्याच सांगण्यावरून पोस्ट पुढे पाठवली आहे. समोरचा वकील सगळ्यात आधी तुमची ती ओळच वाचून दाखवेल. अब्रुनुकसानीची भाषाही टाळा. माहिती खरी असल्यामुळे तो दावा लंगडाच पडतो.

खरा मुद्दा खासगीपणाचा आहे आणि तो हक्क बहिणीचा आहे, तुमचा नाही. २०१७ साली पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ती सज्ञान आहे. आपला आजार कोणाला कळावा, हे तिने ठरवायचं. तुमचा हेतू चांगला होता म्हणून तिची संमती होती असं होत नाही. त्यामुळे पुढचं प्रत्येक पाऊल तिला विचारून टाका. कदाचित तिला गावातल्या ग्रुपचं काही वाटत नसेल, ऑफिसातल्या एकाच प्रतीचा त्रास होत असेल.

फेसबुकवरची पोस्ट लगेच डिलीट करू नका. आधी ती कोणी कोणी शेअर केली ती यादी उघडा आणि स्क्रीनशॉट घ्या, कारण पोस्ट गेली की यादीही गेली. मग पोस्ट फक्त स्वतःला दिसेल अशी करा. शेअरचं बटण दाबून पुढे गेलेल्या प्रतींमधला मजकूर तेवढ्यानेच इतरांना दिसेनासा होतो. उरतात त्या मजकूर कॉपी करून किंवा फोटो उतरवून टाकलेल्या प्रती. त्या शोधायला तुमच्या पोस्टमधली एखादी वेगळी ओळ आणि तुमचा मोबाइल नंबर फेसबुकच्या शोधात टाकून पाहा. सगळं हाती आलं की मूळ पोस्ट काढून टाका.

आता विनंती. ती जाहीर पोस्टमधून करू नका; ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही त्यातून कळेल. एकेकाला वेगळा निरोप पाठवा आणि त्यात आजाराचं नाव लिहू नका. मजकूर साधारण असा :

‘नमस्कार काका, त्या वेळी तुम्ही लगेच मदत केलीत, आम्ही आभारी आहोत. दाते मिळाले, आता गरज नाही. ताईची इच्छा आहे म्हणून मी मूळ पोस्ट काढली आहे. तुमच्या खात्यावरची पोस्ट आणि सोबतचे फोटो कृपया काढून टाका. तुम्ही आणखी कोणाला पाठवली असेल तर त्यांनाही एवढाच निरोप द्या.’

‘ती बातमी खोटी होती’ असं मात्र चुकूनही लिहू नका. उद्या ते वाक्य तुमच्यावरच उलटेल.

व्हॉट्सॲपवर ‘सर्वांसाठी हटवा’ची मुदत एव्हाना संपलेली असेल, पण ग्रुपच्या ॲडमिनला सदस्यांचे संदेश सर्वांसाठी हटवायची सोय असते; इतका जुना संदेश त्याला हटवता येतो का, ते पाहायला सांगा. त्याला विनंती करा, दम देऊ नका. सदस्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन निव्वळ ॲडमिन म्हणून जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. शिवाय दुसऱ्या ग्रुपमध्ये फॉरवर्ड झालेली किंवा कोणाच्या फोनमध्ये उतरलेली प्रत यातून जात नाही. बहिणीला हे आधीच स्पष्ट सांगा.

एखादा पेजवाला ऐकत नसेल, तर फेसबुकच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे बहिणीच्या नावाने तक्रार द्या. फेसबुकसारख्या मध्यस्थांसाठीच्या २०२१ च्या नियमांत दुसऱ्याच्या खासगीपणावर घाला घालणाऱ्या मजकुराचा स्पष्ट उल्लेख आहे. तक्रारीत त्या पोस्टची अचूक लिंक द्या. नुसत्या पेजच्या नावावर काही हलत नाही. निर्णय विरोधात गेला तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर अपील करता येतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची कलमं मात्र काका-मामांच्या तोंडावर फेकू नका. व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो कायदा लागूच होत नाही.

शेवटचा मार्ग दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवण्याचा. तोही बहिणीनेच मागायचा. दाव्याच्या कागदांत आजाराचा उल्लेख येणारच, म्हणून नाव झाकण्याची विनंती पहिल्याच अर्जात करायला वकिलांना सांगा. एका अडेल पेजसाठी एवढं करायचं का, हे तिनेच ठरवावं.