गोदामात एका खोक्यामागे खरा खर्च किती?

प्रश्न: महिन्याचा खर्च भागिले पॅलेटच्या जागा, भागिले पूर्ण भरलेल्या पॅलेटवरची ४० खोकी. साडेसात रुपये येतात. बरोबर आहे का?

दुपटीहून जास्त येईल. समजा भाडं, वीज, राखण मिळून २,४०,००० रुपये आणि रॅकवर ८०० जागा, म्हणजे जागेमागे ३००. पण महिनाभरात सरासरी ६००च भरलेल्या असतील, तर ४००. शिवाय माल उचलता उचलता पॅलेटवर सरासरी २५च खोकी उरत असतील, तर खोक्यामागे १६ रुपये. अर्धवट पॅलेट यादीत ‘भरलेली’ दिसते, म्हणून घनफळही मोजा: खोक्यांचं एकूण घनफळ भागिले रॅकमधल्या जागांचं. उंची मात्र छपरापर्यंत धरू नका, स्प्रिंकलरखालची मोकळी जागा वगळा. अर्धवट पॅलेटी फार असतील तर रॅकचे काही आडवे बीम खाली घेऊन बुटक्या जागा करा.