सही करण्यापूर्वी लॅपटॉप कोणाचा, ते पाहा

प्रश्न : मी गुहागरला राहते. पुण्यातील एका कंपनीत घरून विमा दाव्यांची कागदपत्रे तपासण्याची नोकरी मिळते आहे. पगार २६,००० रुपये, लॅपटॉप माझाच. त्यात दर दहा मिनिटांनी स्क्रीनचे छायाचित्र घेणारे सॉफ्टवेअर टाकावे लागेल. पाच मिनिटे माउस हलला नाही, तर तो वेळ पगारातून वजा होईल आणि रात्री नऊपर्यंत ऑनलाइन राहावे लागेल. सही करू का?

उत्तर : आहे त्या मसुद्यावर करू नये. लॅपटॉप आपला असल्यामुळे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ आपल्या बाजूने आहे. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरून माहिती उतरवून घेणाऱ्याकडून त्या कलमाखाली भरपाई मागता येते. मात्र नियुक्तिपत्रासोबतच्या देखरेख धोरणावर आपण सही केली की हीच परवानगी लेखी दिली जाते, आणि मग बँकेचे पान किंवा आईचा वैद्यकीय अहवाल छायाचित्रात आला तरी तक्रारीचा पाया डळमळतो. म्हणून सॉफ्टवेअर आपण स्वतः सुरू केल्यावरच चालते की लॅपटॉप उघडताच गुपचूप चालू होते, कॅमेरा व मायक्रोफोन वापरते का, आणि छायाचित्रे किती दिवस ठेवली जातात, हे ईमेलने विचारून उत्तर लेखी घ्यावे. विंडोजवर कामासाठी वेगळे खाते उघडणे पुरेसे नाही, कारण प्रशासकीय अधिकाराने टाकलेले सॉफ्टवेअर सर्व खात्यांवर चालू शकते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ वर फार विसंबू नये. नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरण्यास त्यात कलम ७ खाली संमतीविनाही वाव ठेवला आहे.

पगारकपातीची अट मला अधिक गंभीर वाटते. दाव्याची चाळीस पानी फाइल वाचताना माउस हलत नाही, तरीही ते कामच असते. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले, तर आपला तास १२५ रुपयांचा होतो. रोज दोन तास असे ‘निष्क्रिय’ ठरले, तर महिन्याला ६,५०० रुपये जातील. वेतन संहिता, २०१९ प्रमाणे ठरावीक कारणांसाठीच कपात करता येते. गैरहजेरी हे त्यातील एक कारण आहे, परंतु स्थिर माउस म्हणजे गैरहजेरी नव्हे, असा युक्तिवाद आपल्याला करता येईल. तो करण्याची वेळच येऊ नये यासाठी ‘उपस्थिती तपासलेल्या फायलींवरून मोजली जाईल’ असे वाक्य करारात घालून घ्यावे. पावसाळ्यात वीज व इंटरनेट जाणे आपल्या भागात नित्याचेच असल्याने, खंडित वेळ कळवण्याची आणि तो नंतर भरून काढण्याची सोयही त्यातच लिहून घ्यावी.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा स्वतंत्र हक्क देणारा कायदा आपल्याकडे अद्याप नाही. त्यामुळे कामाचे तास, जादा तासांचा मोबदला आणि त्यानंतर आलेल्या संदेशाला किती वेळात उत्तर अपेक्षित आहे, हे नियुक्तिपत्रातच असावे.

कंपनी या दुरुस्त्या नाकारत असेल, तर तिचाच लॅपटॉप मागावा. त्यावर देखरेख झाली तरी घरची माहिती वेगळी राहील. तोही मिळत नसेल, तर माझ्या मते ही नोकरी घेऊ नये. सही करायची झाल्यास धोरणाची पूर्ण प्रत आणि कंपनीची ईमेल-उत्तरे आपल्या खासगी पत्त्यावर आधी जपून ठेवावीत.